अडकलेला रन कोण थांबवणार? वेळमर्यादेचा छोटा इतिहास

मागच्या पोस्टनंतर दोघातिघांनी विचारलं होतं, की "रोज आपोआप चालणारी स्क्रिप्ट मध्येच मुकी झाली तर काय करायचं?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण मी स्वतः यात चार दिवसांचा पाऊस गमावला आहे, आणि तो का गमावला हे समजून घ्यायला मला साठ वर्षं मागे जावं लागलं. तेव्हा आज थोडा इतिहास.

आधी माझी गोष्ट. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले सह्याद्रीच्या कडेचे तालुके. जून ते सप्टेंबर इथे धो धो पाऊस, आणि एप्रिल-मे आला की पाड्यांवर टँकरची वाट बघणं. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे. पडणाऱ्या पावसापैकी किती पाणी उतारावरून लगेच वाहून जातं आणि किती मुरतं, हा माझ्या कामाचा एक भाग. त्यासाठी दिवसाचा एकूण पाऊस पुरत नाही. अर्ध्या तासात किती पडला हे लागतं. म्हणून एका पाड्यावर छोटं पर्जन्यमापक बसवलं. त्यात इवलीशी दोन खणांची तराजू असते, ती ठरावीक पाणी साठलं की कलंडते आणि लॉगर ते कलंडणं मोजतो. लॉगरला मोबाइलचं सिमकार्ड. विभागातल्या माझ्या कॉम्प्युटरवरची स्क्रिप्ट दर अर्ध्या तासाला लॉगरला विचारते, "नवीन काय?" आणि आकडे उतरवून घेते. लॉगरची स्मृती सात दिवसांची; त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं.

दोन रन एकाच वेळी चालून फाइल खराब होऊ नये म्हणून मी लॉक लावलं होतं. पहिला रन चालू असेल तर दुसरा गुपचूप माघारी जाईल. शिवाय वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी स्क्रिप्टमधून एक ओळ उचलली होती: `ulimit -t 300`. म्हणजे पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर रन मारून टाक. मला वाटलं, झालं, आपण सुरक्षित.

जुलैत एके दिवशी आलेख काढायला बसले तर अकरा दिवसांचे आकडेच नाहीत. चूक दाखवणारा एकही संदेश नाही. दिवसाला अठ्ठेचाळीस रन, म्हणजे पाचशेच्या वर रन आले, लॉक बघून परत गेले. कारण एक रन आत अडकून बसला होता. तो असा दिसत होता:

```
$ ps -o pid,stat,etime,time,cmd -C python3
  PID STAT     ELAPSED     TIME CMD
 4127 S    10-21:40:12 00:00:01 python3 paus.py
```

या एका ओळीत सगळी गोष्ट आहे, म्हणून नीट बघा. `ELAPSED` म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाने गेलेला वेळ: जवळजवळ अकरा दिवस. `TIME` म्हणजे सीपीयूने त्यावर खरोखर घालवलेला वेळ: एक सेकंद. `S` म्हणजे झोपलेला, कशाची तरी वाट बघणारा. माझी पाच मिनिटांची मर्यादा सीपीयूचा वेळ मोजत होती. अकरा दिवसांत त्यातलं एकच सेकंद संपलं होतं. म्हणजे या गतीने ही मर्यादा लागू व्हायला आठ-नऊ वर्षं लागली असती.

आता प्रश्न असा, की "जास्त वेळ चालला" याचा असा विचित्र अर्थ कुणी आणि का ठरवला?

माणूस हीच मर्यादा

सुरुवातीच्या यंत्रांवर हा प्रश्न नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेलं टिफ्रॅक १९६० साली पूर्ण स्वरूपात सुरू झालं. त्याची स्मृती २०४८ शब्दांची. त्या पिढीच्या यंत्रांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले आणि माणूस जवळ उभा असे. प्रोग्रॅम एकाच जागी गोल गोल फिरू लागला की पॅनेलवरच्या दिव्यांची नक्षी तीच तीच दिसू लागे. काही यंत्रांना तर स्पीकर जोडलेला असे, आणि सरावलेला कान एकसुरी आवाजावरून ओळखे की गाडी रुतली. मग माणूस बटण दाबून थांबवी. मर्यादा होती, फक्त ती माणसाच्या डोक्यात होती.

पण यंत्र महाग आणि माणूस हळू. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत यंत्र नुसतं बसून राही. म्हणून १९५६ च्या सुमारास अमेरिकेत आयबीएम ७०४ साठी जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या लोकांनी एक छोटा देखरेख करणारा प्रोग्रॅम लिहिला. कामं ओळीने लावायची. एक संपलं की हा देखरेख्या पुढचं उचलणार. याला आपण आज बॅच म्हणतो.

इथे पहिल्यांदा आपला आजचा प्रश्न जन्मला. रांगेतलं तिसरं काम अडकलं तर चौथ्यापासून सगळी खोळंबली. आणि गंमत बघा, देखरेख्या स्वतः काही करू शकत नाही. तो यंत्र दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देतो आणि तो परत देईल याची वाट बघतो. प्रोग्रॅम गोल फिरत राहिला तर देखरेख्याला बोलायची पाळीच येत नाही. घरातल्या एकाच फोनवर कुणी बोलत बसावं आणि "आता ठेव" हे सांगायलासुद्धा तोच फोन लागावा, तसं.

त्यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, तो हार्डवेअरमध्ये होता: ठरलेल्या वेळाने वाजणारं आणि चालू काम तोडून नियंत्रण देखरेख्याकडे परत आणणारं घड्याळ. एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये वेळ वाटून घेणारी सीटीएसएस प्रणाली दाखवली, तेव्हा आयबीएमच्या यंत्राला असं घड्याळ मुद्दाम जोडून घ्यावं लागलं होतं. १९६४ च्या आयबीएम सिस्टीम/३६० मालिकेपर्यंत ते नेहमीचं झालं. तुमच्या लॅपटॉपमधली प्रत्येक वेळमर्यादा आजही शेवटी अशाच एका घड्याळाच्या व्यत्ययावर उभी आहे.

कार्डावरचा आकडा

१९६४ मध्येच टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आलं. देशभरातल्या संशोधकांना वापरता यावं असं ते यंत्र. एवढ्या सगळ्यांचं काम एका यंत्रावर, म्हणजे रांग आलीच. त्याच्या स्कोप या कार्यप्रणालीत जॉबच्या कार्डावर कमाल वेळ मिनिटांत लिहायची सोय होती. तेवढी मिनिटं संपली की जॉब बंद, पुढचा आत.

हे आकडे लिहायला लावण्यामागे एक खोल कारणही आहे. यंत्राने स्वतःच ओळखावं की हा प्रोग्रॅम अडकला आहे, असं का नाही केलं? कारण ते सर्वसाधारणपणे अशक्य आहे. कोणताही प्रोग्रॅम आणि त्याची माहिती दिली की "हा कधी थांबेल का?" याचं नेहमी बरोबर उत्तर देणारी पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केलं होतं. त्यामुळे वेळमर्यादा हे निदान नव्हे. ती पैज आहे: "चांगला रन यापेक्षा जास्त वेळ घेणार नाही, असं मी म्हणते." पैज हरली तर चांगला रन मरतो. पैजच लावली नाही तर एक वाईट रन सगळ्यांना अडवतो.

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवा. एका वेळी एकच जॉब चालत असेल तर भिंतीवरचा वेळ आणि यंत्राचा वेळ जवळपास एकच. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. कोणता वेळ, असं विचारायची गरज नव्हती.

एका वेळाचे दोन वेळ झाले

गरज पुढच्या पायरीवर पडली. टेप फिरायची वाट बघत महाग प्रोसेसर रिकामा बसतो, मग तेवढ्यात दुसरा जॉब चालवू या, हा विचार आला. सिस्टीम/३६० वर अनेक जॉब एकाच वेळी स्मृतीत राहू लागले. आता माझ्या जॉबला भिंतीवरच्या घड्याळाने एक तास लागला तर त्यातला किती माझा आणि किती शेजाऱ्याचा? शेजाऱ्यामुळे माझा जॉब मारणं अन्यायाचं, आणि त्याचे पैसे मला लावणं त्याहून. म्हणून `TIME=` ला मोजायचा वेळ बदलला: फक्त माझ्यासाठी खर्च झालेला सीपीयूचा वेळ. तो ओलांडला की जॉब `S322` या खुणेने मरे.

निर्णय योग्यच होता, कारण त्या काळी दुर्मीळ वस्तू सीपीयू होती. मर्यादा नेहमी महागड्या वस्तूवर लागते. पण त्याने एक भोक पडलं. ऑपरेटरने टेप चढवायची वाट बघत जॉब झोपून राहिला, किंवा दुसऱ्याकडे असलेल्या फाइलसाठी ताटकळला, तर तो सीपीयू वापरतच नाही. तो `S322` ने कधीच मरणार नाही. आणि झोपेतही त्याने स्मृती, टेपचं यंत्र, फाइल धरून ठेवलेली असते. म्हणजे माझा चार हजार एकशे सत्तावीस नंबरचा रन!

आयबीएमच्या लोकांनी हे भोक ओळखलं आणि दुसरी, वेगळी मर्यादा आणली: जॉब सलग किती वेळ नुसती वाट बघू शकतो. ती ओलांडली की खूण वेगळी, `S522`. या दोन आकड्यांत मला फार शहाणपण दिसतं. "काम करत राहिला" आणि "बसून राहिला" हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांना वेगळी घड्याळं लागतात, आणि मेल्यावर कोणत्या आजाराने मेला हे कळायला हवं.

अर्थात माणसं तिथेही माणसंच होती. `TIME=1440` लिहिलं, म्हणजे दिवसाची सगळी मिनिटं, तर दोन्ही मर्यादा उठत. जॉब मधेच मरतो म्हणून कंटाळलेला माणूस ते लिहून मोकळा होई. आपल्यातले किती जण `timeout=None` लिहून मोकळे होतात ते आठवा.

अर्धाच वारसा

युनिक्समध्ये १९८३ च्या 4.2BSD मध्ये `setrlimit` आलं. सीपीयूचे सेकंद, फाइलचा आकार, डेटाची स्मृती अशा मर्यादा प्रत्येक प्रक्रियेला लावता येऊ लागल्या. `ulimit` ही त्याचीच शेलमधली खिडकी. पण यादीत `S322` चा वारस आला, `S522` चा आला नाही. भिंतीवरच्या वेळाची मर्यादा त्यात नाहीच. टर्मिनलसमोर माणूस बसलेला असे, कंटाळला की तोच कंट्रोल-सी दाबे. पुन्हा माणूस हीच मर्यादा. मात्र `cron` मधून रात्री चालणाऱ्या रनसमोर कुणी बसलेलं नसतं. कुठल्याही कामाला भिंतीवरच्या वेळाची मर्यादा लावणारी `timeout` ही साधी आज्ञा ग्नूच्या मूळ साधनसंचात २००८ मध्ये आली.

फरक स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे:

```
( ulimit -t 5; while :; do :; done )
( ulimit -t 5; sleep 60 )
timeout 5 sleep 60; echo $?
```

पहिली ओळ पाच सेकंदांत मरते. दुसरी पूर्ण मिनिटभर निवांत झोपते, मर्यादा असूनही. तिसरी पाच सेकंदांत संपते आणि `124` छापते. ही `timeout` ची "वेळ संपली" सांगणारी खूण.

पुन्हा मोखाड्यात

माझा रन नेमका कशावर अडकला होता? स्क्रिप्टने लॉगरकडे आकडे मागितले, उत्तर येऊ लागलं, आणि तेवढ्यात तिकडचं मोबाइल नेटवर्क गेलं. "मी जातो" असं सांगणारा निरोप माझ्या बाजूला आलाच नाही. माझी बाजू फक्त ऐकत होती, काही पाठवत नव्हती, त्यामुळे समोर कुणी नाही हे तिला कळायचा मार्गच नव्हता. पायथनच्या `requests` मध्ये तुम्ही सांगितल्याशिवाय वेळमर्यादा नसते. म्हणून ते ऐकणं अनंतकाळ.

दुरुस्ती दोन थरांत केली. आतला थर म्हणजे `requests.get(url, timeout=(5, 60))`: जोडणीला पाच सेकंद, उत्तराला साठ. पण यातले साठ सेकंद पूर्ण उत्तराचे नाहीत. दोन तुकड्यांमधल्या शांततेचे आहेत. रखडत रखडत दर पन्नास सेकंदांनी एक बाइट आला तरी हे घड्याळ कधी वाजणार नाही. म्हणून बाहेरचा थर लागतोच:

```
#!/bin/bash
ulimit -t 300
ulimit -v 2000000
flock -n -E 75 /tmp/paus.lock \
  timeout -k 30 10m python3 /home/me/paus.py
echo "$? $(date)" >> /home/me/paus.log
```

जुनी `ulimit -t` ठेवली आहे, कारण गोल फिरणाऱ्या रनसाठी ती बरोबरच आहे. दुसरी ओळ साधारण दोन जीबीवर स्मृती अडवते, म्हणजे बिघडलेला रन अख्खं यंत्र गुदमरवत नाही. `timeout` दहा मिनिटांनी आधी सभ्यपणे थांबायला सांगते, आणि तीस सेकंदांत ऐकलं नाही तर सक्तीने मारते. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. `0` म्हणजे ठीक, `75` म्हणजे लॉक बघून परत गेला, `124` म्हणजे वेळ संपली, `137` म्हणजे सक्तीने मारावा लागला. लॉगमध्ये `75` ची ओळ लागोपाठ दिसली तर आत कुणीतरी बसलंय हे त्याच दिवशी कळतं. आधी माझा परत जाणारा रन काहीच लिहीत नव्हता. मर्यादेपेक्षाही ती शांतता मला जास्त महाग पडली.

दहा मिनिटं कुठून आली? खालची बाजू जुन्या लॉगमधून. पण उन्हाळ्यातला लॉग बघू नका. एप्रिलमध्ये माझा रन अर्ध्या मिनिटात संपतो, मुसळधार दिवशी तीन मिनिटं घेतो, कारण आकडे जास्त आणि नेटवर्क वाईट. उन्हाळा बघून एक मिनिट ठेवलं असतं तर नेमके पावसाचे रन मारले असते. वरची बाजू रांगेतून ठरते: मर्यादा आणि सक्तीचे तीस सेकंद मिळून दोन रनमधल्या अंतरापेक्षा कमी हवेत. साडेदहा मिनिटं तीसपेक्षा कमी आहेत. म्हणून अडकलेला रन फक्त स्वतःची पाळी खातो. पुढच्याला लॉक मोकळं मिळतं, आणि सात दिवसांच्या स्मृतीतून तो राहिलेलंही उचलतो.

यालाही मर्यादा आहेत. रनने स्वतःपासून पूर्ण तोडून मागे सोडलेली प्रक्रिया `timeout` च्या हाती लागत नाही, आणि तिने लॉकची फाइल उघडी धरली असेल तर लॉक तसंच राहतं. `STAT` मध्ये `D` दिसलं, उदाहरणार्थ नेटवर्कवरची डिस्क गेल्यामुळे, तर सक्तीचा इशाराही तिथे पोचेलच असं नाही.

क्लस्टरवर जाल तेव्हा स्लर्ममध्ये `--time=02:00:00` लिहावं लागेल. तिथे पुन्हा भिंतीवरचंच घड्याळ मोजतात, कारण तुमचा रन झोपला तरी त्याच्या नावाने राखलेले कोअर दुसऱ्याला मिळत नाहीत. महाग वस्तू बदलली, तसं घड्याळ बदललं.

आता त्या अकरा दिवसांचं. लॉगरच्या स्मृतीतून शेवटचे सात परत मिळाले. आधीचे चार गेले. प्रबंधात "चार दिवस माहिती उपलब्ध नाही" असं लिहून सुटता येईल असं आधी वाटलं होतं. पण ते चार दिवस योगायोगाने गेलेले नाहीत. जोराचा पाऊस आला म्हणून नेटवर्क गेलं, नेटवर्क गेलं म्हणून रन अडकला, रन अडकला म्हणून आकडे गेले. म्हणजे माझ्या नोंदींतून नेमका जोराचा पाऊस गळला आहे, आणि उरलेल्यावरून मी पाणी किती वाहून जातं हे काढलं तर उत्तर कमी येणार. मार्गदर्शकांनी त्यावर एवढंच विचारलं, "मग हे आधीच्या वर्षी झालं नाही कशावरून?" सध्या मी जुन्या फाइलींमधले सगळे खंड काढून, त्या प्रत्येकाच्या आदल्या सहा तासांत किती पाऊस होता ते तपासत बसले आहे.